सगळ्यांच्या सोयीची वेळ

पंचांगराव हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नको. कुठलेही आईबाप पाळण्यातल्या पोराचा एवढा सूड घेणार नाहीत. हे नाव त्यांना ऑफिसने दिलं होतं, आणि ऑफिस म्हणजे तरी काय, तर नऊ माणसं, नऊ खोल्या आणि अधूनमधून आठवण आल्यासारखं चालणारं इंटरनेट. सहा जण भारतात, तीन जण युरोपात. गोदामांतल्या मालाचा मेळ ठेवणारं एक सॉफ्टवेअर ही मंडळी मिळून बनवत होती. कोणी काय करायचं हे ठरवणारे बरेच होते. कोणी कोणाशी किती वाजता बोलायचं हे ठरवणारे मात्र एकटे पंचांगराव. त्यांच्या हुद्द्याचं इंग्रजी नाव लांबलचक होतं. त्याचा मराठी अर्थ एवढाच की, सगळे जागे असतील, जेवून झालेले असतील आणि कुणाचं पोर रडत नसेल अशी वेळ हुडकून काढणारा माणूस.

ऐकायला सोपं वाटतं. ज्याने केलं त्याला विचारा. युरोपातले तिघे काही एका घड्याळावर चालत नव्हते. मॅनेजर मध्यावर, चित्रं आणि पडदे आखणारी डिझायनरबाई त्याच्या पूर्वेला एक तास पुढे, आणि ग्राहकाच्या बाजूने सगळं तपासून नाकं मुरडणारी टेस्टिंगवाली पश्चिमेला एक तास मागे. उन्हाळ्यात मॅनेजरचे नऊ वाजले की आपल्याकडे साडेबारा. म्हणजे दुपारपासून संध्याकाळपर्यंत रान मोकळं, असं कुणा नवख्याला वाटेल. पण तिकडचं जेवण हे एक फिरतं प्रकरण असतं. आपल्या अडीचला डिझायनरबाई जेवायला उठणार, ती परत येते तोवर साडेतीनला मॅनेजर उठणार, तो तोंड पुसत येतो तर साडेचारला टेस्टिंगवाली गायब. एकच पान पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत जावं तसं. या सगळ्यांची ढेकर देऊन झाली की उरायचा साडेपाच ते साडेसहा हा एक तास. हा तास पंचांगरावांनी शोधला होता, आणि एखाद्याने विहिरीला पाणी लागलेली जागा दाखवावी तशा अभिमानाने ते तो नव्या माणसांना दाखवत.

त्यांच्या टेबलासमोरच्या भिंतीवर दोन घड्याळं होती. डावं आपलं, उजवं मॅनेजरचं. बायको म्हणायची की लग्नाचा फोटो लावायला याच भिंतीवर जागा नव्हती म्हणे, आता त्या परक्याच्या घड्याळाला बरी सापडली. ती एका हॉस्पिटलच्या औषधविभागात होती, सकाळी जायची ती संध्याकाळी सातपर्यंत. तिच्या टोमण्यांवर पंचांगराव नुसते हसायचे. हसण्याखेरीज त्यांना घरात फारसा अधिकारही नव्हता.

घरात तिसरं माणूस म्हणजे आई. आणि आईचं घड्याळ भिंतीवर नव्हतं.

आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, आणि एका गावची तार दुसऱ्या गावाला जोडून देत बसायचं. ड्युटी कायम फिरती, पण शेवटची बरीच वर्षं त्यांना दुपारची पाळी होती. साडेचारला बोर्डावर हजर, म्हणून पावणेचारला घरातून बाहेर. एक्स्चेंज बंद होऊन जमाना झाला. आई निवृत्त झाल्या, मुलांची लग्नं झाली, नवरा गेला, आणि मग एकेक करून हे सगळं त्यांच्या डोक्यातूनही जायला लागलं. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग सुनेचं, मग कधीकधी मुलाचं. पावणेचार मात्र गेले नाहीत. खिडकीतून येणारं ऊन कपाटाच्या कडेला टेकलं की आई उठायच्या, केस नीट करायच्या, पर्स काखेत मारायच्या आणि दाराशी जायच्या.

दार बंद असलं तर त्या ते बडवायच्या. एकदा कुलूप लावून पाहिलं, तर तळहात सुजेपर्यंत बडवलं आणि रात्रभर कुणी तरी कोंडून ठेवलंय म्हणून रडत राहिल्या. डॉक्टरांनी सांगितलं, अडवू नका, वळवा. तेव्हापासून पंचांगरावांनी एक रीत बसवली. साडेतीनला संगणकापासून उठायचं. आईबरोबर चपला घालायच्या. फाटकापर्यंत चालत जायचं आणि तिथे थांबून म्हणायचं, "आई, आज पाळी बदललीय. निरोप आला होता." आई जरा चिडायच्या. सुपरवायझर बाईच्या नावाने चार शब्द बोलायच्या. मग दोघं परत यायची, चहा व्हायचा, आणि चहानंतर आई दिवसभराच्या ड्युटीने दमल्यासारख्या शांत बसायच्या. ऑफिसच्या कॅलेंडरवर पंचांगरावांनी त्या वेळेपुढे "कामात" असं लिहून ठेवलं होतं. ते खोटंही नव्हतं.

खरं कारण त्यांनी तिकडे कधी कुणाला सांगितलं नाही. त्याचं असं झालं होतं की, आदल्या साली टीममधल्या एका प्रोग्रॅमरने मुलाच्या आजारपणाबद्दल मोकळेपणाने सांगितलं. मॅनेजर भला माणूस. त्याने लगेच त्याचं एक काम कमी केलं. मग दुसरं केलं. दर आठवड्याला प्रेमाने विचारपूस करून तो त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरवत गेला, आणि एक दिवस खांद्यावर काहीच उरलं नाही म्हणून त्याला निरोप दिला, तोही डोळ्यांत पाणी आणून. रागावणाऱ्या साहेबाशी कसं वागायचं हे पंचांगरावांना ठाऊक होतं. कळवळणाऱ्या साहेबाची त्यांना धास्ती होती.

तर असा उन्हाळा निभावला. पण ऑक्टोबर सरत आला की युरोपातली घड्याळं एका रविवारी पहाटे तासभर मागे जातात. आपली जात नाहीत. म्हणजे मॅनेजरचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेबारा नव्हे, दीड वाजलेला असतो. पंचांगराव महिनाभर आधीपासून सगळ्यांना बजावायला लागायचे. मीटिंग मॅनेजरच्या घड्याळाला बांधलेली आहे. त्याचं घड्याळ मागे गेलं की ती आपल्याकडे तासभर उशिरा येईल. साडेपाचची साडेसहा होईल. दरवर्षी कुणी तरी विसरायचं, आणि दरवर्षी पंचांगराव, मी म्हटलं होतं, असं न म्हणण्याचा मोठेपणा दाखवायचे. न म्हणताही ते त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ वाचता यायचं.

या वर्षी इकडच्या मंडळींनी साडेसहाच्या मीटिंगला साफ नकार दिला. टीममधली सगळ्यांत बडबडी प्रोग्रॅमर म्हणाली की गेल्या हिवाळ्यात रोज साडेसातपर्यंत ती पडद्यासमोर होती आणि नवऱ्याला ती पडद्याआडचीच आठवते. मॅनेजरला ते पटलं. त्याने सगळ्यांना आपापल्या वेळा भरायला सांगितल्या आणि स्वतःच एक तोडगा सुचवला. त्याचे अकरा ही वेळ घेऊ. टेस्टिंगवालीचे दहा, म्हणजे ती स्थिरस्थावर झालेली. डिझायनरबाईचे बारा, तर ती जेवण एक तास पुढे ढकलायला तयार आहे. आणि तुमच्याकडे साडेतीन, म्हणजे भर दिवसा. यापेक्षा सगळ्यांच्या सोयीचं काय असणार?

पंचांगरावांनी पडद्यावरचे ते साडेतीन पाहिले, आणि मग दाराकडे पाहिलं.

सांगायला पाहिजे की आईचं त्या दिवसांत बिघडत चाललं होतं. पूर्वी निरोपाची बतावणी फाटकाशी चालायची. आता त्या फाटकाची कडी धरून विचारायच्या, निरोप कुणी दिला, कुणाच्या सहीचा, दाखव. एकदा त्यांनी पंचांगरावांकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि म्हणाल्या, तुम्ही बाजूला व्हा, माझ्या बोर्डावर कुणी नाहीये. फाटकाबाहेर गल्ली, गल्लीच्या टोकाला मोठा रस्ता, आणि त्या रस्त्यावर वाहनांचे चार पदर. त्यांच्या काळी तो दोन पदरी होता.

पंचांगराव लढले. शस्त्रं म्हणून त्यांनी काय वापरलं, तर सगळ्यांच्या अडचणी, आपली सोडून. डिझायनरबाईचं जेवण हा तिचा हक्क आहे, यावर त्यांनी एवढं हेलावून लिहिलं की तिने स्वतः कळवलं, अहो, मी एक वाजता आनंदाने जेवीन. त्यांनी ते वाचलंच नाही असं दाखवलं. मीटिंग दिवसाच्या सुरुवातीला झाली तर निघालेले प्रश्न त्याच दिवशी सुटतात, हे त्यांनी तक्ता काढून सिद्ध केलं. त्यांना हवे होते आपले अडीच: मॅनेजरचे दहा, पूर्वेचे अकरा, पश्चिमेचे नऊ. या नवाला टेस्टिंगवालीची हरकत होती, कारण ती त्या सुमाराला मुलांना शाळेत सोडून गाडीत असते. पंचांगरावांनी तिला स्वतंत्र फोन केला, पहिली पंधरा मिनिटं नुसतं कान देऊन ऐकलंत तरी चालेल म्हणाले, आणि तिच्या मुलांची इतकी चौकशी केली की ती विरघळली. शेवटी मॅनेजर म्हणाला, बरं, अडीच. तुमचा एवढा आग्रह आहे तर त्यामागे काही तरी असणार.

"काही नाही," पंचांगराव म्हणाले. "कामाच्या दृष्टीने."

अडीच म्हणजे साडेतीनला सुटका. आईला दिवसा सांभाळायला येणाऱ्या मावशींचीही वेळ नेमकी तीच. साडेतीनला मावशींच्या नातीची शाळेची बस कोपऱ्यावर यायची, आणि मावशी त्याआधी पाच मिनिटं चपलांत पाय घालून तयार असायच्या. घरोघरी असा एकेक तास एकमेकांत अडकवलेला असतो. एक निसटला तर पुढचे सगळे ओघळतात.

कॅलेंडरमध्ये बदल करण्याचं काम अर्थातच पंचांगरावांचं. गुरुवारी दुपारी त्यांनी ते केलं. मीटिंग मॅनेजरच्या नावावर, त्यामुळे फॉर्ममध्ये वेळ भरायची ती त्याच्या घड्याळाची. पंचांगरावांनी भिंतीकडे पाहिलं. डाव्या घड्याळात अगदी नेमके अडीच वाजले होते. उजव्यात अकरा. याला म्हणतात योग, असं मनाशी म्हणत त्यांनी अकरा भरले, "येत्या सोमवारपासून" वर खूण केली आणि सगळ्यांना पाठवून दिलं. तेवढ्यात आतून आईंनी हाक मारली, आणि ते उठले.

गुरुवारी उजव्या घड्याळात अकरा वाजले होते हे खरंच होतं. सोमवारी, आपल्या अडीचला, तिथे दहा वाजायचे होते. महिनाभर साऱ्या टीमला ज्याने हे घसा कोरडा करून सांगितलं त्याच माणसाच्या हातून ते निसटलं, कारण सांगणाऱ्याला स्वतःला कुणी सांगत नसतं. आणि तिकडे तिघांनी पाहिलं, अकरा. म्हणजे शेवटी मॅनेजरचंच ऐकलं वाटतं, असं म्हणून तिघांनी समाधानाने होकार कळवला. डिझायनरबाईने तर वर हसरा चेहरा पाठवला. पंचांगरावांना तो हसरा चेहरा आपल्या विजयाचा वाटला.

सोमवारी अडीचला पाच मिनिटं कमी असताना ते नवा शर्ट घालून पडद्यासमोर बसले. त्या दिवशी ग्राहकाला पुढच्या तीन महिन्यांचा आराखडा दाखवायचा होता, आणि दाखवणारे तेच होते. पडद्यावर त्यांचा एकट्याचा चेहरा. अडीच वाजले. चेहरा एकटाच. पंचांगरावांना आधी वाटलं इंटरनेट गेलं. मग वाटलं, विसरली सगळी, दरवर्षीसारखी, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तो न बोलायचा मोठेपणा उमटायला लागला. मग त्यांनी मीटिंग उघडून पाहिली. आपल्या घड्याळाप्रमाणे तिथे लिहिलं होतं: साडेतीन.

त्यांनी फोन हातात घेतला.

मॅनेजरला फोन लावला तेव्हा तो दुसऱ्या कॉलवर जायच्या घाईत होता. तुम्हीच तर अकरा पाठवलेत, तो म्हणाला, आणि खरं सांगू, सगळ्यांना तेच बरं पडतंय. ग्राहकाची मोठी माणसं अकराला येणार आहेत, आता हलवता येणार नाही. उद्याचं उद्या बघू. आजचा दिवस काढून घ्या. पंचांगराव, बरं, म्हणाले. खरं सांगायची ही वेळ होती, ती त्यांच्या समोरून गेली, आणि ते तिला वाट देऊन बाजूला उभे राहिले.

मावशींना त्यांनी थांबायला विनवलं. मावशी मनाने चांगल्या होत्या, पण नात सहा वर्षांची. "मग तिला रस्त्यावर उभी ठेवू का, दादा?" एवढंच त्या म्हणाल्या. मग त्यांनी मावशींना आईबरोबर आत्ताच फाटकापर्यंत जाऊन यायला सांगितलं. आईंनी खिडकीकडे पाहिलं. ऊन अजून कपाटाला टेकलेलं नव्हतं. "आत्ता कुठे?" त्या म्हणाल्या. "लवकर जाऊन काय दारात बसू?" आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

पंचांगरावांनी लॅपटॉप उचलून बाहेरच्या खोलीत आणला. दाराच्या समोर बसावं, तर खिडकीचा उजेड पडद्यावर येऊन आराखडा दिसेना. मग दाराकडे पाठ करून बसले. एक कान उघडा ठेवायचा असं त्यांनी ठरवलं होतं. पण ग्राहकाच्या मोठ्या माणसाचा आवाज पार तळघरातून यावा तसा येत होता, म्हणून हेडफोन दोन्ही कानांवर घ्यावा लागला. साडेतीनला मावशी हाताने खूण करून गेल्या. दार त्यांनी नुसतं ओढून घेतलं. रोजचं तसंच असायचं, कारण रोज त्या वेळी पंचांगराव दाराशी असायचे.

मीटिंग उत्तम झाली. आजवरची सगळ्यांत उत्तम, असं पुढे सगळेच म्हणाले. सगळे ताजेतवाने, कुणी पेंगत नव्हतं, कुणाचं पोर रडत नव्हतं. टेस्टिंगवाली चक्क एकदा हसली. पंचांगराव आराखड्यात असे रंगले की मध्येच त्यांना, आपण काही तरी ऐकायचं होतं, असं अंधुक वाटलं आणि विरून गेलं. शेवटी ग्राहक निघून गेला, टीमची मंडळी तेवढी उरली, आणि मॅनेजर म्हणाला, ही वेळ कायमची करून टाकू या. सगळ्यांनी माना डोलावल्या. निरोप घेताना डिझायनरबाई पंचांगरावांना म्हणाली की, तुमच्या आई का हो त्या? काय रुबाब आहे. पर्स घेऊन मागून गेल्या. मी हात केला, त्यांनीही केला. या वयात रोज फिरायला जातात म्हणजे कौतुक आहे.

पंचांगरावांनी मागे वळून पाहिलं. दार सताड उघडं होतं.

"केव्हा?" त्यांनी विचारलं.

"बराच वेळ झाला. तुम्ही दुसरं पान दाखवत होतात तेव्हा."

ते तसेच धावले, हेडफोन गळ्यात. फाटकाची कडी निघालेली. गल्ली मोकळी. दुपारच्या त्या वेळी गल्लीत असतं तरी कोण? कोपऱ्यावरचा सायकली दुरुस्त करणारा मात्र चाक फिरवत बसला होता. तो म्हणाला, हो, आजी गेल्या ना. मला वेळ विचारली, मी सांगितली तर माझंच घड्याळ मागे आहे म्हणून रागावल्या. कुठे गेल्या? त्याने हातातल्या पान्यानेच मोठ्या रस्त्याकडे दाखवलं. आणि तो पाना खाली आला नाही, कारण तिकडून तेव्हाच करकचून ब्रेक लागल्याचा आवाज आला, आणि मागोमाग दुसरा.

त्या आवाजापासून रस्त्याच्या कडेपर्यंत आपण कसे पोचलो हे पंचांगरावांना पुढे कधीच आठवलं नाही.

आई रस्त्याच्या मधोमध, दुभाजकावर उभ्या होत्या. हातभर रुंद सिमेंटचा तो पट्टा. पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. पुढून वाहनं, मागून वाहनं, वाऱ्याने केस उडत होते. एका पायात चप्पल नव्हती. ती पलीकडे रस्त्यावर पडली होती आणि एकेक चाक तिच्यावरून जात होतं. आईंच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. सगळ्या लाइनी गुंतलेल्या असताना ऑपरेटरच्या चेहऱ्यावर असतो तेवढा वैताग फक्त होता.

पंचांगरावांनी हात वर केले आणि वाहनांत शिरले. शिव्या खाल्ल्या. पोचले. त्यांनी आईंचा दंड घट्ट धरला.

"अर्धा तास झाला," आई म्हणाल्या. "कुणी वाट देईना. माझी ड्युटी गेली."

"मी रजा टाकलीय तुमची."

"तू कोण रजा टाकणार?"

रस्ता ओलांडायला त्यांना किती वेळ लागला कोण जाणे. सायकलवाला येऊन वाहनांपुढे उभा राहिला म्हणून तरी ओलांडता आला.

संध्याकाळी, बायको यायच्या आधी, त्यांनी मॅनेजरला फोन केला आणि पहिल्यांदा सगळं सांगितलं. तक्ता नाही, आराखडा नाही. माझी आई त्या वेळी घराबाहेर पडते, तेव्हा मला दाराशी असावं लागतं, एवढं वाक्य बोलायला त्यांनी दोन वर्षं लावली होती. मग मॅनेजर हळू आवाजात म्हणाला की आधी का नाही सांगितलंत. उद्यापासून अडीच. मी सगळ्यांशी बोलतो. आणि तुमच्यावरचं ओझंही जरा कमी करू. पंचांगरावांना ते शेवटचं वाक्य ऐकू आलं, आणि त्यांनी ते ऐकू न आल्यासारखं गिळलं. बायको आली, तिने सगळं ऐकलं, आणि त्या रात्री तिने एकही टोमणा मारला नाही. त्याचीच त्यांना जास्त भीती वाटली.

मंगळवारी अडीचच्या आधीच सगळे हजर होते. असं कधी घडलं नव्हतं. टेस्टिंगवाली शाळेसमोर उभ्या केलेल्या गाडीतून बोलत होती. तिच्याकडे पाऊस पडत होता आणि काचेवरचे वायपर मध्येमध्ये तिचा चेहरा पुसत होते. डिझायनरबाईचे डोळे सुजलेले. तिने तीनदा माफी मागितली, आणि पंचांगरावांनी तीनदा सांगितलं की तुम्ही नुसता हात केलात, त्यात काय. सगळे इतक्या हळुवारपणे बोलत होते की जणू घरात कुणी आजारी झोपलंय. एरवी पंचांगराव घ्यायचे त्या मीटिंगच्या नोंदी आज बडबडी प्रोग्रॅमर घेणार होती. हे पंचांगरावांना कॉलवरच समजलं. पण अडीच मिळाले होते. एका आख्ख्या खंडाने आईसाठी आपला तास सरकवला होता. पंचांगरावांनी कॅलेंडर उघडलं. या वेळी त्यांनी भिंतीकडे पाहिलं नाही, कागदावर दोनदा हिशेब केला, आणि दहा भरले.

मॅनेजर म्हणाला, "मग ही वेळ आता पक्की ना? वसंतात घड्याळं पुन्हा पुढे जाईपर्यंत?"

पंचांगराव हो म्हणणार, तोच मागच्या खोलीतून काही तरी पडल्याचा आवाज झाला. मग मावशींचा आवाज. मग दोघी दारात. आई बाहेर जायचे कपडे घालून, केस नीट करून, पर्स काखेत. मावशींनी त्यांचा हात दोन्ही हातांनी धरला होता आणि त्यांना धाप लागली होती. जेवण झाल्यापासून हेच चाललंय, त्या म्हणाल्या, ऐकतच नाहीत.

पंचांगरावांनी खिडकीकडे पाहिलं. ऊन अजून कपाटापासून कितीतरी लांब होतं.

"आई," ते म्हणाले, "अजून वेळ आहे ना तुमची."

"काल उशीर झाला," आई म्हणाल्या. "म्हणून आज लवकर निघतेय."

हेडफोनमध्ये मॅनेजर पुन्हा विचारत होता, पक्की ना, म्हणजे मी सगळ्यांना कळवतो. पडद्यावरचे आठ चेहरे उत्तराची वाट बघत थांबले होते. पंचांगरावांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. त्यांना एकच गोष्ट विचारायची होती, आणि ती विचारताना त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला.

"आणि उद्या?"

आईंनी त्यांच्याकडे पाहिलं. नव्या पोरीला काम समजावून सांगावं तशा त्या समजुतीने म्हणाल्या, "उद्याचं कसं सांगू? ड्युटी लागेल तशी."